शिष्यवृत्ती ‘वितरित’ झाली, पण खात्यात आली नाही: आधार लिंकिंगचा घोळ कुठे शोधायचा

अर्ज मंजूर आहे. वर्गातल्या बाकीच्यांचे पैसे आले, तुमचेच आले नाहीत. बँकेत विचारलं तर काउंटरवरून उत्तर येतं, “आधार लिंक आहे.” महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारलं तर, “आमच्याकडून पुढे गेलंय.” दोघांचंही खरं असू शकतं, आणि तरीही पैसे येत नाहीत. कारण ‘लिंक’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि शिष्यवृत्तीला त्यातल्या दोनच उपयोगी पडतात.

पहिली लिंक केवायसीची. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, अंगठा लावला, ओळख पटली. एवढ्यावर सरकारी पैसा येत नाही. दुसरी लिंक एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडून देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मॅपरमधली. मॅपर म्हणजे एक मोठी यादी: अमुक आधार क्रमांकाचे सरकारी पैसे अमुक बँकेकडे पाठवायचे. या यादीत एका आधारसमोर एकच बँक असते, आणि खातेक्रमांक तिथे नसतोच. फक्त बँकेची ओळख सांगणारा क्रमांक असतो, त्याला आयआयएन म्हणतात. तिसरी लिंक बँकेच्या स्वतःच्या संगणकात. पैसे बँकेपर्यंत आले की बँक आपल्या नोंदींत तो आधार कोणत्या खात्याला जोडलाय ते बघते आणि तिथे रक्कम टाकते.

महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आधारवर जातात तेव्हा हाच रस्ता असतो. म्हणून अर्जात खातेक्रमांक आणि आयएफएससी कितीही बिनचूक भरला असला तरी रक्कम त्या खात्यात जाईलच असं नाही. ती मॅपर म्हणेल त्या बँकेत आणि ती बँक म्हणेल त्या खात्यात जाते. पासबुकची पानं घेऊन चार वेळा शाखेत खेपा घालणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही.

आधी मॅपर बघा, बँकेत नंतर जा

`myaadhaar.uidai.gov.in` वर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा आणि `Bank Seeding Status` उघडा. तिथे आधारचे शेवटचे चार आकडे, बँकेचं नाव, स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तो पुढे दोन ठिकाणी लागतो. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. मग आधी आधार केंद्रात जाऊन मोबाईल नोंदवून घ्यावा लागतो. फोनवरून `*99*99*1#` हा कोड लावूनही बँकेचं नाव कळू शकतं, पण तो सगळ्या मोबाईल नेटवर्कवर चालतोच असं नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

बँकेचं नावच दिसत नसेल किंवा स्थिती `Inactive` असेल तर मॅपरमधली लिंक तुटलेली आहे किंवा कधी झालीच नव्हती. या वेळी पैसे परत फिरण्याचं कारण साधारण `Aadhaar Number not Mapped to IIN` असं येतं. हा सगळ्यात सोपा प्रकार. शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी आधार जोडण्याचा, संमती अर्ज भरायचा. ‘आधार लिंक करायचंय’ एवढंच म्हटलंत तर केवायसीची नोंद बघून “आहे की” असं सांगून परत पाठवतील. ‘एनपीसीआय मॅपिंग’ किंवा ‘डीबीटी सीडिंग’ हे शब्द वापरा.

नाव दुसऱ्याच बँकेचं असेल तर जरा थांबा. बहुतेक वेळा ते खातं तुमचंच असतं, फक्त तुम्ही ते विसरलेले असता. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट्स बँकेचं खातं, पोस्टमनने दारात येऊन अंगठा घेऊन उघडलेलं खातं, किंवा घरातल्या दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी घाईत जोडलेली बँक. 2017 मध्ये गॅसची सबसिडी अशीच सिमकार्डाबरोबर उघडलेल्या खात्यांत जाऊन पडली होती. त्यानंतर संमतीचे नियम कडक झाले, पण छापील ओळी न वाचता अंगठा लावायची सवय काही गेलेली नाही.

अशा वेळी बहुतेक जण आधी मॅपिंग बदलायला धावतात. उलटं करा. आधी त्या बँकेचं ॲप उघडा किंवा तिच्या केंद्रावर जाऊन शिल्लक विचारा. पोर्टलवर रक्कम वितरित दिसत असेल तर ती तिथे पडून असण्याचीच शक्यता जास्त. ती काढून घ्या, मग निवांतपणे बँक बदला. पैसे पाठवण्याची फाईल प्रक्रियेत असताना मॅपिंग हलवलं तर एक हप्ता इकडे, दुसरा तिकडे असा प्रकार होतो आणि कोणता कुठे गेला याचा हिशेब लागत नाही.

पतसंस्थेत खातं असलेल्यांसाठी एक गोष्ट. पतसंस्था ही बँक नव्हे, ती या मॅपरमध्ये येऊच शकत नाही. जिल्हा मध्यवर्ती बँकेचं खातं असेल तर शाखेत आधीच विचारून घ्या की तिथे आधारवरून डीबीटी जमा होतं का. होत नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टाच्या बँकेत शून्य शिलकीचं खातं उघडणं हाच सरळ मार्ग.

बँक बरोबर, स्थिती `Active`, तरी पैसे नाहीत

खरा त्रास इथे आहे, कारण तपासायला सांगितलेलं सगळं हिरवं दिसतं. या प्रकारात दोष तिसऱ्या लिंकमध्ये असतो, म्हणजे बँकेच्या आत. तो ओळखायचा तर पैसे परत फिरण्याचं कारण शब्दशः मिळवावं लागतं. `pfms.nic.in` वर `DBT Status Tracker` आहे. तिथे योजनेचा गट निवडून अर्ज क्रमांक टाकला की पीएफएमएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या पैसे पाठवण्याच्या प्रणालीतून, गेलेल्या रकमेची स्थिती दिसते. राज्याकडून गेलेल्या रकमेबद्दल महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये बघा. तिथे कारण दिसत नसेल तर महाविद्यालयाच्या लिपिकामार्फत विभागाकडून ते मागवून घ्या. ‘पेमेंट फेल’ एवढ्यावर समाधान मानू नका.

अनुसूचित जातीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत हे दोन ठिकाणी बघणं जास्तच गरजेचं आहे. 2021-22 पासून तिचा 60 टक्के केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि 40 टक्के राज्याचा हिस्सा वेगळा येतो. एक आला म्हणजे दुसराही आला, असं होत नाही. शिवाय केंद्राच्या हिश्श्यात शिक्षण शुल्काचा भाग असतो आणि तो विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायचा असतो. म्हणजे रक्कम विसरलेल्या खात्यात पडून राहिली तर इकडे महाविद्यालय थकबाकी दाखवून गुणपत्रिका अडवून बसतं.

याच शिष्यवृत्तीचा एक नमुना तपशिलात बघू. लातूर जिल्ह्यातला मुलगा, पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहतो. पदवीचा व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणून तो पहिल्या गटात येतो, म्हणून वसतिगृहवासी म्हणून वर्षाला 13,500 रुपये भत्ता. पुण्यात त्याने एका राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडलं, त्यात घरून पैसे येतात, यूपीआय चालतं. मॅपरमध्ये त्याच बँकेचं नाव, स्थिती `Active`. शाखेत विचारलं तर आधार लिंक आहे. मग अडलं कुठे?

परत फिरण्याचं कारण मागवल्यावर ओळ मिळते: `Documents pending for account holder turning major`. म्हणजे खातेदार सज्ञान झाला, पण सज्ञान झाल्यावर द्यायची कागदपत्रं बाकी आहेत. पुण्यातलं खातं तर त्याने एकोणिसाव्या वर्षी उघडलंय, त्याला ही अडचण लागूच होत नाही. याचा अर्थ रक्कम दुसऱ्याच खात्यावर आपटून परत येतेय. ते खातं म्हणजे आठवीत असताना गावाकडच्या शाखेत वडिलांना पालक दाखवून उघडलेलं शाळेचं खातं. बँक तीच, म्हणून मॅपरमध्ये सगळं ठीक दिसतं.

आत असं झालेलं असतं: बँक प्रत्येक माणसाला एक ग्राहक क्रमांक देते, त्याला सीआयएफ किंवा कस्टमर आयडी म्हणतात. आधार खात्याला नव्हे, या क्रमांकाला चिकटतो. नवं खातं उघडताना जुना क्रमांक शोधला गेला नाही आणि दुसरा तयार झाला. आता एकाच मुलाचे दोन ग्राहक क्रमांक आहेत. केवायसी दोन्हीकडे आहे, पण डीबीटीची खूण अजून जुन्या खात्यावर आहे. काउंटरवरचा कर्मचारी नवं खातं उघडून बघतो, त्याला आधार दिसतो, तो ‘लिंक आहे’ म्हणतो. त्याचंही चूक नाही.

म्हणून प्रश्नच बदलायचा. “माझं आधार लिंक आहे का?” असं विचारू नका. “माझ्या आधारवर डीबीटी आलं तर तुमच्या सिस्टिममध्ये ते कोणत्या खातेक्रमांकात पडेल? शेवटचे चार आकडे सांगा,” असं विचारा. या एका प्रश्नाने निम्म्या खेपा वाचतात. आणि हेही विचारा की तुमच्या नावाने किती ग्राहक क्रमांक आहेत. पासबुकच्या पहिल्या पानावर तो छापलेला असतो. घरात दोन पासबुकं असतील तर शेजारी ठेवून बघा, वेगळे आकडे दिसले की दुखणं सापडलं.

उपाय दोन आहेत. गावाकडच्या शाखेत जाऊन जुन्या खात्याची कागदपत्रं पूर्ण करायची: नवा फोटो, स्वतःची सही, आधार, पॅन किंवा फॉर्म 60. किंवा पुण्यातल्या शाखेत लेखी अर्ज देऊन दोन्ही ग्राहक क्रमांक एकत्र करून घ्यायचे आणि डीबीटीची खूण नव्या खात्यावर हलवायची. दुसरा मार्ग टिकाऊ आहे. मात्र एकत्रीकरण शाखेतल्या शाखेत होईलच असं नाही, ते वरच्या कार्यालयाकडे जातं, म्हणून पोच घेतल्याशिवाय निघू नका. परीक्षेच्या तोंडावर पैसे हवे असतील तर आधी जुनं खातं सुरू करून घ्या, एकत्रीकरण नंतर.

इथे एक फसगत होते. बँक तीच असल्यामुळे दुरुस्तीनंतर आधारच्या संकेतस्थळावरची स्थिती पूर्वीसारखीच दिसते, तारीखही बदलेलच असं नाही. त्यामुळे ‘झालं का?’ याचा पुरावा तिथे मिळणार नाही. शाखेकडून शिक्क्याचं पत्र घ्या, त्यात डीबीटीसाठी जोडलेल्या खात्याचे शेवटचे चार आकडे असू द्या.

बाकीची कारणं

`Account Inoperative` किंवा `Dormant` आलं तर दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार न केल्यामुळे खातं झोपलंय. केवायसी पुन्हा द्या आणि एक व्यवहार करा. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे शिष्यवृत्तीसाठी किंवा सरकारी योजनांसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना फक्त व्यवहार नाहीत म्हणून निष्क्रिय धरायचं नसतं. त्यासाठी बँकेने ती खाती वेगळी नोंदवलेली असावी लागतात. तुमचं साधं बचत खातं असेल तर ही सवलत गृहीत धरू नका.

`Account reached maximum credit limit` हे बहुधा पूर्ण केवायसी नसलेल्या ‘लहान’ खात्यांवर येतं. अशा खात्यात एका आर्थिक वर्षात एकूण 1 लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही आणि शिल्लक 50,000 च्या आत लागते. शिल्लक मर्यादेतून सरकारी अनुदान नियमाने वगळलेलं आहे, पण वर्षाच्या जमेची मर्यादा राहतेच. अभियांत्रिकी किंवा फार्मसीचं शुल्क आणि भत्ता एकत्र आला की ती भरायला वेळ लागत नाही. नियमावर वाद घालत बसण्यापेक्षा पूर्ण केवायसी देऊन खातं साधं करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आधार स्वतःच बंद असल्याचं कारण आलं तर बँकेत जाऊन उपयोग नाही. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि बुबुळं पुन्हा नोंदवणं बंधनकारक असतं. अकरावी-बारावीतल्या पुष्कळ मुलांचं ते राहिलेलं असतं. आधारच्या संकेतस्थळावर `Check Aadhaar Validity` मध्ये स्थिती बघा आणि आधार केंद्र गाठा. आधार सुरू झाल्यावर मॅपरही पुन्हा तपासायचा, तो आपोआप जागा होईल असं धरू नका.

दुसऱ्या बँकेकडे हलवताना

संमती अर्जात दोन पर्याय असतात. एक, माझं आधार दुसऱ्या कोणत्याही बँकेला डीबीटीसाठी जोडलेलं नाही. दोन, अमुक बँकेत जोडलेलं आहे, ते या बँकेकडे हलवा. मॅपरमध्ये आधीची बँक असताना पहिल्या पर्यायावर खूण केली तर विनंती फेटाळली जाऊ शकते, आणि शाखेतून ते कळवलं जाईल याची खात्री नाही. जुन्या बँकेचं नाव स्क्रीनशॉटमध्ये आहे तसंच लिहा. मधल्या काळात बँकांची विलीनीकरणं झाल्यामुळे नावाचा गोंधळ होतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली, तिथल्या खातेदारांनी मॅपरवर आता कोणतं नाव दिसतं ते बघूनच लिहावं.

शाखेची खेप टाळायची असेल तर एनपीसीआयच्या संकेतस्थळावर ग्राहकांच्या विभागात `Bharat Aadhaar Seeding Enabler` आहे. तिथे नवीन सीडिंग, त्याच बँकेतल्या दुसऱ्या खात्यावर बदल आणि एका बँकेतून दुसरीकडे बदल असे पर्याय मिळतात. तुमची बँक तिथल्या यादीत असेल तरच हे चालतं. ऑनलाइन असो की शाखेत, दोन ते चार कामाचे दिवस द्या आणि मग स्थिती पुन्हा तपासा. आठवडा उलटूनही बदल नसेल तर अर्ज टेबलावरच आहे असं समजा.

लिंक नीट झाली, आता पैसे परत मागवायचे

लिंक दुरुस्त झाली म्हणजे परत गेलेली रक्कम आपोआप येईल अशा भ्रमात राहू नका. ती विभागाच्या खात्यात परत गेलेली असते आणि पुन्हा पाठवण्याच्या यादीत तुमचं नाव जावं लागतं. महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये जिथे व्हाउचर रिडीम करायचं बटण दिसतं तिथे आधी ते केलंय का बघा, कारण पुष्कळदा दोष लिंकचा नसून एवढाच असतो. मग महाडीबीटीवर `Grievance/Suggestions` मध्ये तक्रार टाका आणि तोच मजकूर छापून महाविद्यालयामार्फत जिल्ह्याच्या कार्यालयात द्या. अनुसूचित जातीसाठी सहायक आयुक्त, समाजकल्याण. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याणचं जिल्हा कार्यालय. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी. शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी आपल्या अभ्यासक्रमाप्रमाणे उच्च शिक्षण किंवा तंत्रशिक्षण सहसंचालक.

मजकूर असा पुरतो:

“माझा अर्ज क्रमांक …, योजना …, शैक्षणिक वर्ष …, हप्ता पहिला/दुसरा. दि. … रोजी पाठवलेली रु. … ही रक्कम ‘…’ या कारणाने परत गेली आहे. दि. … रोजी बँकेने माझे आधार डीबीटीसाठी खाते क्र. (शेवटचे चार अंक) … ला जोडले आहे. बँकेचे पत्र व आधार सीडिंग स्थितीची प्रत सोबत जोडली आहे. कृपया ही रक्कम पुन्हा वितरित करावी.”

परत फिरण्याचं कारण अवतरणात जसंच्या तसं लिहा. ‘माझी शिष्यवृत्ती आली नाही’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीला ‘आधार लिंक करा’ हे साचेबंद उत्तर येतं आणि पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. पूर्ण आधार क्रमांक कुठेही लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरतात. ओटीपी तर नेट कॅफेवाल्यालाही सांगू नका, स्वतः टाका.

बँक दाद देत नसेल तर शाखेला नव्हे, बँकेच्या तक्रार विभागाला लिहा आणि तक्रार क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र तिथे फक्त बँकेची चूक चालते. विभागाने रक्कम पुन्हा पाठवलीच नसेल तर ती तक्रार ‘आपले सरकार’वर टाका. आणि पुढच्या वर्षीचा अर्ज भरायला बसाल तेव्हा सीडिंगची स्थिती आधी उघडा, कारण मधल्या काळात कुठे अंगठा लावला होता ते पैसे अडल्याशिवाय आठवत नाही.